दिवे घाटातल्या पालखीच्या फोटोची ओळ

प्रश्न: मी एका तालुका साप्ताहिकासाठी फोटो काढतो. संपादक म्हणतात, फोटोओळीत फक्त दिसतं तेवढंच लिहायचं. पण गाव, तारीख, पालखी कुणाची हे फोटोत थोडंच दिसतं? मग ते लिहायचं की नाही? माउलींची पालखी दिवे घाट चढत होती तेव्हाचा फोटो आहे. पुढे डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या तीन बायका, मागे पताका घेतलेले वारकरी, अगदी मागच्या वळणावर रथ. रस्ता ओला, काहींच्या डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद. मी ओळ दिली होती: ‘विठूभेटीची आस मनी घेऊन, मुसळधार पावसाची तमा न बाळगता लाखो वैष्णवांनी माउलींच्या जयघोषात दिवे घाटाचा अवघड टप्पा लीलया पार केला.’ ती पूर्ण खोडून आली. यात नक्की काय चुकलं, आणि लिहायची तरी कशी?

उत्तर:

संपादकांचा नियम बरोबर आहे, तुमची शंकाही बरोबर आहे. ‘दिसतं तेवढंच’ हा नियम फोटोतल्या कृतीसाठी आहे: कोण काय करतंय, किती जण आहेत, कशा स्थितीत आहेत. ठिकाण, तारीख, नावं आणि कार्यक्रम या गोष्टी फोटोतून येत नाहीत, त्या तुमच्या वहीतून येतात. म्हणजे ओळीत जाणाऱ्या प्रत्येक शब्दाला दोनपैकी एक आधार हवा. एक तर तो चौकटीत बोट ठेवून दाखवता आला पाहिजे, नाहीतर तो त्या जागी, त्या वेळी तुम्ही विचारून किंवा वाचून टिपलेला असला पाहिजे. तिसरीकडून आलेला शब्द, मग तो अंदाजाने आला असो, दरवर्षीच्या सवयीने आला असो की बातमीच्या मथळ्यातून, ओळीत राहत नाही. तुमच्या ओळीत ‘माउली’ आणि ‘दिवे घाट’ सोडले तर जवळजवळ सगळं तिसरीकडून आलं आहे.

ती ओळ एकेक शब्द धरून तपासू, कारण असल्या चुका प्रत्येक कार्यक्रमाच्या फोटोत तशाच्या तशा होतात.

‘विठूभेटीची आस मनी घेऊन.’ मनात काय आहे ते कॅमेऱ्याला दिसत नाही. पुढच्या बाईचे डोळे मिटलेले असतील तर ‘डोळे मिटून’ लिहा. ओठ उघडे असतील तर तेवढंच. मिटलेले डोळे म्हणजे तल्लीनता असं आपण धरून चालतो. पण चालत्या माणसाचा फोटो एक हजारांश सेकंदाचा असेल तर ती नुसती पापणी लवण्याची वेळही असू शकते. त्याच बाईचा आधीचा आणि नंतरचा फोटो उघडून बघा. लागोपाठच्या चार-पाच चौकटींत डोळे मिटलेलेच असतील तर ‘डोळे मिटून’ लिहायला हरकत नाही. एकाच चौकटीत मिटलेले असतील तर तेही लिहू नका.

‘मुसळधार पावसाची तमा न बाळगता.’ यात दोन दावे आहेत. पहिला पावसाचा. फोटोत ओला रस्ता दिसतो आणि डोक्यावर प्लॅस्टिक दिसतं. त्यावरून पाऊस पडून गेला एवढंच कळतं. त्या क्षणी पडत होता का, हे थेंबांच्या रेघा किंवा साचलेल्या पाण्यातली वर्तुळं दिसली तरच कळतं. पाऊस चालू होता अशी तुमची नोंद असेल तर ‘पावसात’ हा शब्द वहीच्या आधाराने येऊ शकतो. ‘मुसळधार’ मात्र येऊ शकत नाही. हवामान खातं चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे पाऊस झाला की त्याला जोरदार पावसाच्या वर्गात घालतं, आणि आपली वर्तमानपत्रं त्यालाच मुसळधार म्हणतात. घाटातल्या दहा मिनिटांच्या सरीवरून ते ठरत नाही. दुसरा दावा ‘तमा न बाळगता’. ज्यांनी डोक्यावर प्लॅस्टिक घेतलं आहे त्यांनी पावसाची तमा बाळगली आहे, हे तुमच्याच फोटोत दिसतं. ओळ आणि फोटो एकमेकांच्या विरुद्ध बोलायला लागले की वाचकाचा विश्वास जातो, आणि तो बातमीवरचाही जातो.

‘लाखो.’ आकड्यांबद्दल खाली सविस्तर लिहितो. ‘वैष्णवांनी’ ऐवजी ‘वारकरी’ पुरेसं आहे.

‘माउलींच्या जयघोषात.’ फोटोला आवाज नसतो. टाळ दिसत असतील तर ‘टाळ वाजवत’, आणि तेही दोन्ही टाळ एकमेकांना भिडलेले किंवा भिडण्याच्या बेतात असतील तर. नुसते हातात लोंबत असतील तर ‘हातात टाळ घेतलेले’. कुणाच्या गळ्यात वीणा असेल तर ‘गळ्यात वीणा असलेले’. ‘हरिनामाच्या गजरात’, ‘टाळमृदंगाच्या निनादात’, ‘जयघोषाने परिसर दुमदुमला’ ही सगळी वाक्यं कानाची आहेत. बातमीत त्यांना जागा आहे, कारण बातमीदार तिथे उभा होता. फोटोओळीत नाही.

‘अवघड टप्पा लीलया पार केला.’ अवघड हा अभिप्राय, लीलया हाही अभिप्राय आणि ‘पार केला’ ही चूक. फोटोत ती माणसं घाटाच्या मधल्या वळणावर आहेत. ती वर पोहोचली की नाही हे हा फोटो सांगत नाही.

या शेवटच्या मुद्द्याशी जरा थांबा, कारण मराठी फोटोओळीतल्या बहुतेक चुका क्रियापदात असतात. फोटो एका क्षणाचा असतो, म्हणून ओळीचं क्रियापद त्या क्षणाचंच हवं. मराठी वर्तमानपत्रांत त्यासाठी ‘चढताना’, ‘ओवाळताना’, ‘स्वागत करताना’ अशी रचना रुळली आहे आणि ती या कामाला अगदी चपखल आहे: कृती चालू आहे एवढंच ती सांगते, पूर्ण झाली असं म्हणत नाही. ‘चढले’, ‘केले’, ‘दिला’ लिहिलं की तुम्ही फोटोच्या पुढचं सांगू लागता. ‘पालखीचे जल्लोषात स्वागत झाले’ लिहिताना स्वागत संपल्याचं आणि ते जल्लोषात झाल्याचं तुम्ही स्वतःच्या नावावर सांगता. फोटोत मात्र एक माणूस हार उचलून उभा असतो. तेव्हा ‘पालखीला हार घालताना’. हार अजून हातातच असेल आणि पालखीला टेकलेला नसेल, तर ‘हार घेऊन पालखीजवळ उभे असलेले’. हे काटेकोरपण नको तितकं वाटेल, पण एकदा सवय लागली की एरवी न दिसणाऱ्या गोष्टी फोटोत दिसू लागतात. कुणाचा हात कुठे आहे, कोण कुणाकडे बघतंय, कुणाची पाठ आहे हे नीट बघितल्याशिवाय क्रियापदच निवडता येत नाही.

आता गर्दी. दिवे घाटात बहुतेक फोटोग्राफर वरच्या वळणावर किंवा कड्यावर उभे राहून लांब पल्ल्याच्या लेन्सने खालून वर येणारी रांग टिपतात. लांबून, अशा लेन्सने घेतलेल्या फोटोत पुढच्या-मागच्या गोष्टींमधलं अंतर दबतं. दोन दिंड्यांमध्ये वीस-तीस मीटर मोकळा रस्ता असला तरी फोटोत त्या एकमेकींना चिकटलेल्या दिसतात, आणि घाटाची दोन-तीन वळणं एकावर एक रचल्यासारखी वाटतात. म्हणजे ‘पाय ठेवायला जागा नव्हती’ असं फोटोवरून वाटतं ते पुष्कळदा लेन्सने केलेलं असतं. तिथेच रस्त्याकडेला उभं राहून चोवीस मिलिमीटरच्या लेन्सने घेतलेला फोटो शेजारी ठेवून पाहा, मोकळी जागा लगेच दिसेल. म्हणून ‘अलोट गर्दी’, ‘जनसागर लोटला’, ‘तुडुंब’ या शब्दांना फोटोचा आधार आहे असं वाटतं तेव्हाही तो खात्रीचा नसतो.

मग काय लिहायचं? सगळ्यात चांगलं म्हणजे काहीच नाही. गर्दी फोटोत दिसतेच, ती शब्दात सांगायची गरज नसते. आकडा द्यायचाच असेल तर मोजा. फोटो स्क्रीनवर मोठा करा, आडवे-उभे सारखे चौकोन पाडा, पुढचा, मधला आणि मागचा असे तीन चौकोन निवडून त्यांतली डोकी मोजा, सरासरी काढा आणि माणसं असलेल्या चौकोनांच्या संख्येने गुणा. पाच मिनिटांचं काम आहे. त्यातून निघणारा आकडा फक्त चौकटीतल्या लोकांचा असतो, सोहळ्यातल्या लोकांचा नाही. तुमच्यासारख्या फोटोत तो दीडशे-दोनशेच्या आसपास निघतो. तेव्हा ‘शेकडो’ सुद्धा जपून लिहावं लागेल. सोहळ्यात लाखो वारकरी चालतात ही गोष्ट खरी आहे, पण ती या फोटोत नाही. प्रशासनाने किंवा देवस्थानाने आकडा दिला असेल तर तो बातमीत, कुणी दिला त्यासह जाईल.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग: वहीतून काय येतं. फोटो काढल्या काढल्या, पुढच्या जागी जाण्याआधी, चार गोष्टी टिपायच्या. फोटोचा क्रमांक, म्हणजे कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसतो तो. तुम्ही कुठे उभे होता आणि कॅमेरा कुठल्या दिशेला होता. चौकटीत वाचता येण्याजोगं काय होतं, म्हणजे दिंडीचा फलक, त्यावरचा क्रमांक, रथापुढची की रथामागची दिंडी, वाहनावरची पाटी. आणि ज्यांचे चेहरे मोठे दिसतात त्यांची नावं व गावं. गावाबरोबर तालुका विचारा, कारण वडगाव आणि पिंपळगाव महाराष्ट्रात शेकड्याने आहेत. नाव लिहून घेतल्यावर मोठ्याने वाचून दाखवा; माणूस स्वतःच दुरुस्त करतो. चालत्या दिंडीत हे नेहमी जमत नाही. नाव मिळालं नाही तर ओळ नावाशिवाय लिहायची, ‘एक महिला’ यात काही कमीपणा नाही. नंतर ओळखीच्या माणसाला फोटो दाखवून ‘ही अमुकच वाटते’ असं मिळालेलं नाव मात्र वापरू नका.

तारीख आणि वेळ कॅमेरा स्वतःच फाइलमध्ये टाकतो, पण ती कॅमेऱ्याच्या घड्याळाची असते. बॅटरी बराच वेळ काढून ठेवली की काही कॅमेऱ्यांचं घड्याळ मागे जातं. सोपा उपाय असा: दिवसाचा पहिला फोटो मोबाइलच्या घड्याळाचा काढा. पुढे कधी शंका आली तर दोन वेळांतला फरक त्या एका फोटोवरून काढता येतो. फाइलमधली वेळ बघण्यासाठी exiftool हा मोफत प्रोग्राम पुरतो:

```
exiftool -DateTimeOriginal DSC_4127.JPG
```

‘पालखी कुणाची’ हे ठरवण्याचा आधारही नीट पाहून घ्या. तुमच्या फोटोच्या बाबतीत तो भक्कम आहे. संत ज्ञानेश्वर महाराज आणि संत तुकाराम महाराज यांच्या पालख्या पुण्याहून एकाच दिवशी निघतात, हडपसरला वाटा वेगळ्या होतात. माउलींची पालखी दिवे घाटातून सासवडला जाते, तुकोबांची लोणी काळभोरकडे. त्यामुळे जागा दिवे घाट आणि दिवस तो असेल तर सोहळा माउलींचा हे पक्कं. हडपसरमध्ये काढलेल्या दिंडीच्या फोटोत मात्र ही खात्री नाही; तिथे फलक वाचल्याशिवाय पालखीचं नाव लिहू नका. मागच्या वळणावरच्या रथाबद्दलही हेच. मोठा करून बघा. बैलजोड्या दिसतात का? घाटात रथाला जादा जोड्या लावतात, त्यामुळे तो लांबूनही ओळखू येतो. फुलांनी सजवलेलं एखादं वाहन असेल आणि बैल दिसत नसतील तर तो माउलींचा रथ म्हणून लिहू नका, त्या वेळी रथ कुठे होता हे तुमच्या नोंदीत असल्याशिवाय.

एवढं झालं की ओळ बांधायला घ्या. क्रम असा ठेवा: आधी कृती करणारी माणसं, मग ठिकाण आणि दिवस, मग कृती, मग चौकटीत दिसणारी दुसरी महत्त्वाची गोष्ट, आणि शेवटी हवीच असेल तर एक पार्श्वभूमीचं वाक्य. असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्थाही साधारण हीच शिस्त पाळते: पहिल्या वाक्यात फोटोत काय चाललं आहे ते वर्तमानकाळात, कुठे आणि कधी यासह, दुसऱ्यात संदर्भ, आणि शक्यतो दोन वाक्यांतच आवरायचं.

फोटो २०२५ च्या वारीचा आहे असं धरू. त्या वर्षी माउलींची पालखी २२ जूनला, रविवारी पुण्याहून सासवडला गेली. मग ओळ अशी होईल:

‘डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या महिला आणि पताकाधारी वारकरी रविवारी (२२ जून २०२५) दिवे घाट चढताना. मागच्या वळणावर संत ज्ञानेश्वर महाराज पालखी सोहळ्याचा रथ.’

‘डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद घेतलेले’ हे घालायचं की नाही हा निवडीचा प्रश्न आहे. फोटोत ते ठळक दिसत असेल, आणि पाऊस चालू असल्याची नोंद असेल, तर ‘पावसात दिवे घाट चढताना’ एवढ्याने काम होतं. दोन-तीन कॉलमांच्या फोटोला वीस-पंचवीस शब्द पुरतात. मोठ्या, पानभर फोटोला चाळीसपर्यंत चालतात, पण ते शब्द नव्या माहितीचे असावेत. पार्श्वभूमीचं वाक्य घातलं तर तेही तपासलेलं हवं. ‘पालखीचा मुक्काम सासवड येथे आहे’ हे सोहळ्याच्या वेळापत्रकावरून लिहिता येतं. ‘सायंकाळी पालखी सासवडला पोहोचली’ हे वेळापत्रकावरून लिहिता येत नाही, ते पोहोचल्यावर कुणीतरी सांगावं लागतं.

‘चढताना’ या शब्दालाही आधार लागतो, हे लक्षात घ्या. फोटोत माणसं कॅमेऱ्याकडे चालत येताना दिसतात. रस्ता चढाचा आहे की उताराचा हे लांब लेन्सच्या फोटोत अनेकदा कळत नाही. पुण्याकडून सासवडला जाताना हा घाट चढावाच लागतो, म्हणून इथे तो शब्द योग्य आहे. अनोळखी घाटात हे वहीत टिपून ठेवावं लागेल.

माणसाची ओळख ठरवताना कपड्यांवर जाऊ नका. पांढरी टोपी आणि कपाळाला गोपीचंदन असलेला प्रत्येक जण चालत आलेला वारकरी नसतो. रस्त्याकडेला दर्शनाला आलेला माणूसही तसा असतो. दिंडीच्या ओळीत चालणाऱ्यांना वारकरी म्हणा. एकट्या माणसाच्या जवळून घेतलेल्या फोटोत विचारून मगच लिहा. याच सवयीचा दुसरा प्रकार जास्त वाईट आहे. वारीच्या वाटेवर पाणी किंवा फराळ वाटणाऱ्यांचा फोटो येतो, एकाची दाढी आणि टोपी दिसते, आणि ओळीत ‘मुस्लिम बांधवांकडून वारकऱ्यांना पाणीवाटप’ येतं. ते खरंही असेल, पण फोटोवरून ते ठरवायचा अधिकार तुम्हाला नाही. मंडळाचं नाव विचारा आणि तेच द्या. तसंच कडेवर मूल घेतलेली बाई त्या मुलाची आई आहे असं गृहीत धरू नका. मावशी असेल, आत्या असेल. ‘मूल कडेवर घेतलेली महिला’. आणि ‘ऐंशी वर्षांच्या आजी’ हे वय विचारल्याशिवाय नको. उन्हापावसात आयुष्य काढलेल्या साठीच्या बाईचा चेहरा तुम्हाला फसवेल.

स्वागताच्या फोटोत नावांची रांग येते. ‘डावीकडून’ म्हणजे फोटो बघणाऱ्याच्या डावीकडून, फोटोतल्या माणसाच्या नाही. ओळ लिहून झाली की नावं मोजा, मग चेहरे मोजा. नावं पाच आणि चेहरे सहा असतील तर ज्याचं नाव राहिलं त्या माणसापासून पुढची सगळी नावं चुकीच्या चेहऱ्यांवर बसायची शक्यता असते. अर्धा झाकलेला चेहराही मोजायचा. नाव नसलेला माणूस मध्येच असेल तर ‘डावीकडून’ सोडून द्या आणि ‘हार घालताना अमुक’, ‘त्यांच्या उजव्या बाजूला तमुक’ असं कृतीवरून सांगा. ‘व इतर मान्यवर’ हा शेवट काढून टाका. त्याने कुणाचीच ओळख पटत नाही, आणि ज्यांचं नाव आलं नाही त्यांचं समाधानही होत नाही.

कधी तुमच्या हाती वादाचा फोटो येईल, आणि तिथे हा नियम सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. जून २०२३ मध्ये आळंदीत प्रस्थानाच्या दिवशी मंदिराजवळ पोलीस आणि वारकऱ्यांमध्ये प्रसंग उद्भवला. विरोधी पक्षांनी त्याला लाठीमार म्हटलं. तेव्हाचे गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी लाठीमार झाला नाही, किरकोळ झटापट झाली असं सांगितलं. आता अशा ठिकाणचा एक फोटो डोळ्यांपुढे आणा: एक पोलीस, हात खांद्याच्या वर, हातात लाठी, समोर पाठमोरा माणूस, लाठीचं टोक त्या माणसापासून हातभर लांब. ‘वारकऱ्यांवर लाठीमार करताना पोलीस’ लिहिलं तर तुम्ही लाठी लागल्याचं सांगितलं, आणि ती या चौकटीत लागलेली नाही. ‘गर्दी नियंत्रित करताना पोलीस’ लिहिलं तर तुम्ही पोलिसांच्या हेतूची हमी घेतली, आणि उगारलेली लाठी लपवली. दोन्ही ओळी एकेका बाजूच्या आहेत. दिसतं ते असं: ‘मंदिराबाहेर लाठी उगारलेला पोलीस कर्मचारी आणि त्याच्यासमोर पाठमोरा उभा असलेला वारकरी.’ पुढच्या चौकटीत लाठी लागलेली दिसत असेल तर तो फोटो छापा आणि त्याच्या ओळीत तसं लिहा. दोन बाजूंची विधानं दुसऱ्या वाक्यात, कुणाची कोणती ते सांगून देता येतात. जागा नसेल तर ती बातमीत जातील. ‘संतप्त जमाव’, ‘बेभान’, ‘संयमी पोलीस’ यांतलं एकही विशेषण नको. मूठ आवळलेली असेल तर मूठ आवळलेली म्हणा.

रस्त्यावर पडलेल्या माणसाच्या फोटोत अशीच काळजी घ्या. ‘उष्माघाताने कोसळलेला वारकरी’ हे निदान आहे, ते डॉक्टरांनी करायचं. तुम्हाला दिसतं ते ‘रस्त्याकडेला आडव्या पडलेल्या व्यक्तीच्या तोंडावर पाणी शिंपडताना सहकारी’ एवढंच. इथे ‘सहकारी’सुद्धा जास्त झालं. ‘इतर वारकरी’ लिहा.

ओळ तयार झाल्यावर तिचं पुढे काय होतं, याकडेही तुम्हालाच लक्ष द्यावं लागेल. पानावर जागा कमी पडली की फोटो कापला जातो. ‘मागच्या वळणावर रथ’ असं तुम्ही लिहिलं आणि डेस्कने वरचा भाग कापला तर रथ गेला, ओळ राहिली. म्हणून पान लागल्यावर ओळ कापलेल्या फोटोशी पुन्हा ताडून बघायला उपसंपादकाला सांगा. कधी मजकुराकडे तोंड करावं म्हणून फोटो उलटा, आरशातल्यासारखा छापला जातो. मग ‘डावीकडून’ची सगळी नावं उलटतात. फलकावरची अक्षरं वाचून बघितली की हे लगेच कळतं.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या फोटोसारखा पाठवला तर तो लहान होतो आणि फाइलमधली वेळ आणि ओळ दोन्ही निघून जातात. तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ओळ फाइलच्या आतच लिहून ठेवली तर ती फोटोपासून सुटत नाही. देवनागरी थेट कमांडमध्ये लिहिली की विंडोजमध्ये बऱ्याचदा बिघडते, त्यामुळे ओळ आधी ol.txt या साध्या फाइलमध्ये यूटीएफ-८ मध्ये साठवा आणि मग:

```
exiftool -codedcharacterset=utf8 "-IPTC:Caption-Abstract<=ol.txt" "-XMP-dc:Description<=ol.txt" DSC_4127.JPG
```

यातल्या Caption-Abstract या पहिल्या रकान्याला २००० बाइटची मर्यादा आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मात्रा आणि अनुस्वारसुद्धा, तीन बाइट घेतं. म्हणजे साडेसहाशे चिन्हांच्या पुढचा मजकूर तिथे मावत नाही. छापायच्या ओळीला ही जागा भरपूर आहे, पण वहीतल्या सगळ्या नोंदी तिथेच भरायला गेलात तर शेवट कापला जाईल. दुसऱ्या रकान्याला ही अडचण नाही.

पुढच्या वर्षी याच घाटाचा जुना फोटो कुणीतरी संग्रहातून काढेल, कारण नवा वेळेत आलेला नसेल. घाट तोच, पताका त्याच. बघणाऱ्याला फरक कळणार नाही. फाइलमध्ये तारखेसह ओळ असेल तर डेस्कला तो ‘संग्रहित छायाचित्र’ म्हणून, वर्ष देऊन छापता येईल. तारीख नसलेला फोटो आजच्या बातमीला लावायचाच नाही, असं साप्ताहिकात ठरवून घ्या.

ओळ चुकीची छापली गेल्याचं कळलं तर पुढच्या अंकात दुरुस्ती द्या, आणि तिच्यात अंकाची तारीख, पान आणि बरोबर माहिती थेट लिहा. त्याच दिवशी फाइलच्या आतली ओळही बदला. छापलेली दुरुस्ती वाचक वाचतो, पण संग्रहातून फोटो काढणारा माणूस फक्त फाइल बघतो, आणि तिथली चूक तशीच राहिली तर ती पुढच्या वारीला पुन्हा छापून येते.